फरशी संपते, लाकूड सुरू होतं

हॉलमध्ये व्हिट्रिफाइड टाइल आणि बेडरूममध्ये लाकडासारखं दिसणारं लॅमिनेट ही जोडी आता शहरातल्या फ्लॅटांमध्ये सर्रास दिसते. टाइलचा रंग निवडायला घरच्यांना चार रविवार लागतात आणि लॅमिनेटचे नमुने खिडकीच्या उजेडात धरून पाहिले जातात. या दोन्ही गोष्टी दारात जिथे एकमेकींना भेटतात, तिथल्या तीन फुटांचा निर्णय मात्र कामाच्या शेवटच्या दिवशी कारागिराने घेतलेला असतो. त्याच्या पिशवीत जी पट्टी उरलेली असते ती बसते. पहिला पावसाळा सरला की मग तक्रारी सुरू होतात. कुठे पट्टी हलते, कुठे लॅमिनेट मध्येच उचलून येतं, तर कुठे दार घासतं.

दुकानात ही पट्टी ‘प्रोफाइल’ या नावाने मिळते. कापलेली कड झाकणारी शोभेची वस्तू असं तिच्याकडे पाहिलं जातं. झाकण्याचं काम ती करतेच, पण कोणालाही धरून न ठेवता. बिघडलेली बहुतेक कामं पाहिली तर झाकण्याच्या नादात पट्टीने लाकूड जखडून ठेवलेलं आढळतं.

लॅमिनेटची फळी म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेला घट्ट बोर्ड आणि वर छापील थर. ती जमिनीला चिकटवलेली नसते. खाली पातळ फोम असतो आणि फळ्या एकमेकींत अडकवून अख्खी खोली एका चटईसारखी जमिनीवर नुसती पसरलेली असते. हवेत दमटपणा वाढला की बोर्ड ओल शोषून फुगतो आणि कोरड्या हवेत आकसतो. पुण्यात एप्रिलच्या दुपारी हवा इतकी कोरडी असते की ओठ फुटतात आणि ऑगस्टमध्ये कपाटातल्या चपलांना बुरशी येते. एवढा फरक ही चटई दरवर्षी सोसते. मुंबई-कोकणात हवा बाराही महिने दमट असल्याने हालचाल तुलनेने कमी होते, पण कारागिराने वर्षातल्या कोणत्या महिन्यात काम केलं यावर तिथेही बरंच ठरतं. टाइल मात्र जागची हलत नाही. ती भाजलेली माती आहे, सिमेंटने खालच्या थराला घट्ट बसवलेली आहे आणि हवेतल्या ओलीने तिच्यात जाणवण्याजोगा फरक पडत नाही. म्हणून दारात एक बाजू स्थिर असते आणि दुसरी सरकती.

लॅमिनेट किती सरकतं? युरोपात या फळ्यांसाठी ईएन १३३२९ हे मानक आहे. कोरड्या हवेतून दमट हवेत नेल्यावर फळी मीटरमागे सरासरी ०.९ मिलिमीटरपेक्षा जास्त वाढता कामा नये, असं ते सांगतं. बारा फुटी खोली साधारण ३.६ मीटरची असते, म्हणजे सव्वातीन मिलिमीटरपर्यंत फरक पडू शकतो. खोली दोन्ही टोकांना मोकळी असेल तर हा फरक दोन्हीकडे वाटला जातो. पण समोरच्या भिंतीपाशी कपड्यांनी खचाखच भरलेलं वॉर्डरोब फळ्यांवर उभं असेल तर ते टोक दाबलं जातं आणि सगळी हालचाल दाराकडे येते. भिंती कुठेच अगदी सरळ नसतात, कापण्यातही मिलिमीटर-दोन मिलिमीटर चुकतात. म्हणून कारागिराला नेहमी ८ ते १० मिलिमीटर मोकळी फट सोडायला सांगतात. भिंतीकडेची फट स्कर्टिंगखाली जाते. दारातली फट झाकायला पट्टी लागते.

या फटीत काहीही भरायचं नसतं. पांढरं सिमेंट, टाइलचा ग्राउट, एम-सील किंवा ठासून भरलेलं सिलिकॉन यांपैकी काहीही घातलं की सरकत्या बाजूची वाट बंद होते. हे घडलंय का हे ओळखायला सोपं आहे. जून-जुलैत बेडरूममधून चालताना एखाद्या ठिकाणी पायाखाली पोकळ, दबणारी जागा लागते, किंवा दोन फळ्यांच्या सांध्याची रेघ बोटाला उंचावलेली जाणवते. घरचे लोक लॅमिनेटला दोष देतात. दोष बहुधा दारात किंवा कपाटाखाली असतो. पट्टी उचलून पाहिलं तर फळीची कड टाइलला किंवा पट्टीच्या मधल्या दांड्याला टेकलेली दिसते. कड तेवढीच पाच-सात मिलिमीटर कापून घेतली की उचललेली जमीन काही दिवसांत बहुतेक वेळा आपोआप खाली बसते. अख्खी खोली उचकटायला निघालेल्या माणसाला आधी एवढं तरी करून पाहायला सांगावं.

उलट चूकही होते. ऑगस्टमध्ये काम झालं, फळ्या तेव्हा फुगलेल्याच होत्या आणि पट्टी अरुंद होती. एप्रिलमध्ये जमीन आकसली की पट्टीची कड आणि फळी यांमध्ये काळी रेघ दिसू लागते. म्हणून पट्टीचा पंख, म्हणजे वरचा आडवा भाग, फळीवर किमान एक सेंटिमीटर चढलेला असावा. तीन-चार मिलिमीटर जमीन मागे गेली तरी त्याखाली पुरेसं लाकूड उरतं.

पट्टीची निवड शेवटी उंचीवर ठरते आणि उंची डोळ्यांनी कळत नाही. लॅमिनेटचा एक तुकडा आणि त्याखाली जो फोम येणार आहे तोच फोम दारात ठेवावा. दोन्हींवरून स्टीलची पट्टी किंवा कोणतीही सरळ कड टाइलवर नेऊन फरक मोजावा. मोजायला काही नसेल तर एटीएम कार्डं चालतात. एक कार्ड पाऊण मिलिमीटरच्या आसपास जाड असतं, त्यामुळे चार कार्डं म्हणजे जवळजवळ तीन मिलिमीटर, म्हणजे सुताराच्या भाषेत एक सूत. हा फरक दाराच्या डाव्या बाजूला, मध्ये आणि उजव्या बाजूला असा तीनदा मोजावा. जुन्या घरात या तीन मोजमापांत एखाद-दीड मिलिमीटरचा फरक सहज निघतो आणि पट्टी डगमगण्याचं निम्मं कारण तिथेच सापडतं.

फरक शून्य ते तीन मिलिमीटर, म्हणजे सुताभरापर्यंत असेल तर टी आकाराची पट्टी चालते. तिचा वरचा पंख दोन्हीकडे सारखा असतो आणि दांडा फटीत उतरतो. फरक त्याहून वाढला की टी पट्टी एका बाजूला कलते. तिची एक कड हवेत राहते आणि त्या कडेला आधी झाडूचे फड अडकतात, मग पायाचा अंगठा. तीन मिलिमीटरच्या पुढे रिड्यूसर लागतो. त्याची एक बाजू उंच जमिनीवर चढते आणि दुसरी उतरती होऊन खालच्या जमिनीला टेकते. तिसरा प्रकार एंड प्रोफाइल, जो एल आकाराचा असतो. बाल्कनीच्या सरकत्या दाराच्या चौकटीपाशी किंवा ग्रॅनाइटच्या उंबऱ्यापाशी जमीन संपवायची असेल तिथे तो कामाला येतो. आपल्या घरांत बाथरूमच्या दारात ग्रॅनाइटचा उंबरा बहुतेकदा असतोच. तिथे टी पट्टी बसवण्याचा आग्रह धरू नये, उंबऱ्याच्या पोटाशी एल पट्टी ठीक बसते.

टाइलचीच कड सुबक करणारी एक पट्टी वेगळी असते. जर्मनीतल्या इझरलोन गावच्या वर्नर श्ल्युटर या फरशीवाल्याने १९७५ मध्ये ती बाजारात आणली. तिचा एक पाय टाइलच्या खाली, चिकटवण्याच्या मसाल्यात रुतलेला असतो आणि कड टाइलच्या पृष्ठभागाशी समपातळीत येते. ती टाइल बसवतानाच घालावी लागते. टाइल बसून गेल्यावर तिची आठवण काढून उपयोग नाही.

आता एक घर डोळ्यांसमोर आणू. कोथरूडमधला जुना दोन बेडरूमचा फ्लॅट, हॉल आणि बेडरूम दोन्हीकडे एकाच पातळीत दोन बाय दोनच्या व्हिट्रिफाइड टाइल. टाइल उखडायच्या नाहीत, त्यांच्यावरच बेडरूममध्ये लॅमिनेट घालायचं. उखडायला गेलं तर टाइल आणि खालचा मसाला मिळून दोन इंचांपर्यंतचा थर निघतो आणि राबिट लिफ्टने खाली नेण्यावरून सोसायटीशी भांडण होतं, त्यामुळे वरून घालणं हाच सर्वसाधारण मार्ग. फळी ८ मिलिमीटर आणि फोम २ मिलिमीटर, म्हणजे बेडरूम हॉलपेक्षा १० मिलिमीटर उंच होणार. सुताच्या हिशोबात तीन सुतांहून थोडं जास्त. इथे टी पट्टीचा विचारच सोडायचा, रिड्यूसर घ्यायचा.

पण रिड्यूसर कुठे बसवायचा हे आधी दाराला विचारावं लागतं. आपल्याकडचं दार ज्या खोलीत उघडतं त्या खोलीच्या बाजूला चौकटीच्या खाचेत बसतं. हे दार बेडरूममध्ये उघडतं. दार बंद असताना हॉलमधून लाकूड दिसू नये आणि बेडरूममधून टाइल दिसू नये, म्हणून सांधा बरोबर बंद दाराच्या फळीखाली आणायचा. चौकटीच्या मधोमध पट्टी ठोकली की दार लावल्यावर हॉलच्या बाजूला लॅमिनेटची एक विचित्र चिंधी उघडी राहते. हा दोष इतका सर्वत्र दिसतो की लोक त्याला रीतच समजू लागले आहेत.

दाराखाली सध्या ८ मिलिमीटर जागा आहे. दार उघडताना लॅमिनेटवरून फिरणार, म्हणजे १० मिलिमीटर तर तिथेच गेले. त्यात रिड्यूसरचा पंख तीन मिलिमीटर जाड, तो फळीवर चढलेला. म्हणजे सर्वांत उंच बिंदू जुन्या टाइलपासून १३ मिलिमीटरवर येतो. पावसाळ्यात दार स्वतःही थोडं फुगतं किंवा बिजागरीवर उतरतं, त्यासाठी तीन-चार मिलिमीटर ठेवावेत. हिशोब १६-१७ मिलिमीटरवर जातो, म्हणजे दार खालून आठ-नऊ मिलिमीटर कापावं लागेल. फ्लश डोअरच्या खालच्या कडेला आत भरीव लाकडी पट्टी असते, त्यामुळे एवढं कापल्याने दार पोकळ पडत नाही. कापलेली कड मात्र उघडी ठेवू नये. तिला पॉलिश किंवा रंगाचे दोन हात द्यावेत, नाहीतर पोछ्याचं पाणी तिथून वर चढतं आणि वर्षभरात खालचा प्लाय सुटू लागतो. दार पट्टी बसवण्याआधी काढून कापायचं. पट्टी बसल्यानंतर दार फिरेना म्हणून जागच्या जागी ग्राइंडर लावल्याच्या खुणा कितीतरी दारांवर दिसतात.

आता फट. फळ्या दाराखाली अशा ठिकाणी थांबवायच्या की त्यांची कड आणि पट्टीचा दांडा यांमध्ये ८ मिलिमीटर मोकळे राहतील. पट्टीचा पंख दांड्यापासून १८ मिलिमीटर असेल तर फळीवर तो एक सेंटिमीटर चढतो. खोली सव्वातीन मिलिमीटर फुगली तरी दांड्याला टेकत नाही आणि तेवढीच आकसली तरी पंखाखाली जवळजवळ सात मिलिमीटर लाकूड शिल्लक राहतं. खरेदीला जाताना या दोनच मापांची चिठ्ठी बरोबर असावी, पंखाची रुंदी आणि उंचीतला फरक. दुकानदार रंग दाखवत राहील.

बांधणी कशाला करायची? टाइलला किंवा खालच्या जमिनीला, फळीला कधीच नाही. चांगल्या पट्ट्या दोन भागांत येतात. खालचा खोबणीचा भाग स्क्रूने जमिनीला बसतो आणि वरचा भाग त्यात दाबून अडकतो, त्यामुळे स्क्रूची डोकी दिसत नाहीत. स्वस्त पट्टीत वरूनच भोकं असतात आणि घाईतला कारागीर त्यातला एखादा स्क्रू सरळ लॅमिनेटमधून खाली घालतो. एका स्क्रूने ती सरकती चटई त्या जागी खिळली जाते. मग दुसरीकडे कुठेतरी सांधा उघडतो आणि तो दारापासून इतका लांब असू शकतो की स्क्रूचा संशयही येत नाही.

टाइलला भोक पाडताना ड्रिलचा हातोडा बंद ठेवायचा आणि टाइलचंच बिट वापरायचं. टाइल पार झाल्यावरच पुढे खोल जायचं. त्याआधी टाइलवर नाण्याने टकटक करून पाहावं. आवाज पोकळ आला तर तिथे खाली मसाला नाही आणि टाइल तडकण्याची भीती आहे. शिवाय आपल्या घरांत विजेच्या नळ्या आणि कधी कधी पाण्याचे पाइपही जमिनीतून नेलेले असतात आणि एका खोलीतून दुसरीत जायला त्यांनाही दार सोयीचं वाटतं. त्यांची वाट माहीत नसेल तर भोक न पाडता खालची खोबण टाइलला पॉलियुरेथेन चिकटद्रव्याने बसवावी आणि रात्रभर वजन ठेवावं. स्क्रूइतकं ते पक्कं नसतं, पण बेडरूमच्या दाराला पुरतं.

कोथरूडच्या त्या घरात आजी वॉकर घेऊन चालत असतील तर १३ मिलिमीटरची ही उंची पुन्हा तपासून पाहायला हवी. साधारण साडेचार सेंटिमीटर रुंद पट्टीत एवढी उंची उतरवली तर उतार बराच तीव्र होतो आणि पाय न उचलता घासत चालणाऱ्या माणसाला तो पायरीसारखाच लागतो. अमेरिकेतल्या अपंगांसाठीच्या इमारत नियमांत पाव इंचापर्यंतचा, म्हणजे आपल्या दोन सुतांचा उभा फरक चालतो. पाव ते अर्ध्या इंचापर्यंत कड उतरती करावी लागते आणि अर्ध्या इंचाच्या वर मात्र एकास बारा असा उतार लागतो. १३ मिलिमीटरसाठी एकास बारा म्हणजे सहा इंच लांब उतार. तो सुताराकडून सागवानाचा करून घेता येतो. उंच बाजूला ओठासारखी कड ठेवून तिच्या पोटात खाच पाडायची, म्हणजे फळी त्या ओठाखाली मोकळी सरकेल. तो हॉलमध्ये थोडा पुढे येतो आणि दिसायला फार नाजूक नसतो, पण वॉकर त्यावरून अडखळत नाही.

माझ्या मते अशा घरात जमिनीचाच पुनर्विचार करणं जास्त शहाणपणाचं. एसपीसी नावाच्या, दगडाची भुकटी आणि पीव्हीसी यांच्या फळ्या खालच्या गादीसकट पाच मिलिमीटरच्या आसपास मिळतात. उंचीतला फरक तिथेच निम्मा होतो, दार कापण्याचं काम चार मिलिमीटरवर येतं किंवा टळतं आणि ओलीने त्या फारशा फुगत नाहीत. त्यांनाही फट लागते, कारण त्या उन्हाच्या उष्णतेने वाढतात, पण पट्टी बुटकी चालते. पायाला लॅमिनेट जास्त बरं वाटतं हेही खरं. त्याची किंमत किती मोजायची हे ज्याने त्याने ठरवावं.

घर नवं असेल आणि टाइल अजून बसायची असेल तर हा सगळा खटाटोप वाचतो. लॅमिनेटच्या खोलीतलं सिमेंटचं तळ हॉलच्या टाइलच्या पृष्ठभागापेक्षा फळी आणि फोमच्या जाडीइतकं खाली ठेवायला फरशीवाल्याला सांगायचं. हे तोंडी न सांगता दारात भिंतीवर पेन्सिलने दोन रेघा मारून दाखवायचं. मग टी पट्टी जमिनीपेक्षा तीन-चार मिलिमीटरच वर राहते. मात्र लॅमिनेटची खरेदी त्याआधी पक्की झालेली हवी. तळ आठच्या फळीसाठी केलं आणि शेवटी सवलतीत बाराची फळी आली, असं घडतं.

पट्टी कशाची असावी यावर दुकानात फार बोललं जातं. लॅमिनेटच्याच रंगाची, आत दाबलेला बोर्ड असलेली पट्टी सर्वांत सुंदर दिसते आणि कोरड्या दारांत ती चालते. बाथरूमजवळ किंवा हॉलची फरशी रोज बादलीभर पाण्याने पुसली जाते अशा दारात ती फुगते. तिथे अ‍ॅनोडाइज्ड अ‍ॅल्युमिनियम बरं. पितळ देखणं असतं, पण काळवंडतं आणि घासणारं कोणी लागतं.

पोछ्याचं पाणी हा आपल्याकडचा खास प्रश्न आहे. दारातली फळीची कड कापलेली, म्हणजे तिचा आतला बोर्ड उघडा असतो. हॉलच्या टाइलवरून ओला पोछा पट्टीपर्यंत येतो, पाणी पट्टीखाली शिरतं आणि त्या उघड्या कडेला लागतं. फुगलेला बोर्ड वाळल्यावरही पूर्ववत होत नाही. त्याची कड कायमची उंचावते आणि पट्टीला आतून वर ढकलते. उपाय अगदी स्वस्त आहे. पट्टी बसवण्याआधी कापलेल्या कडेवर मेण घासावं किंवा वॉर्निशचा हात द्यावा आणि पट्टीच्या टाइलकडच्या कडेखाली सिलिकॉनची बारीक रेघ ओढावी. फक्त टाइलकडच्याच. लाकडाच्या बाजूलाही तशीच रेघ ओढली तर पट्टी पुन्हा फळीला धरून ठेवते.

या पट्ट्या बहुधा आठ-नऊ फुटांच्या लांबीत विकल्या जातात आणि एका दाराला तीन फूट पुरतात. उरलेला तुकडा कारागिराला देऊन टाकू नये. माळ्यावर ठेवावा. दोन-तीन वर्षांनी एखादी पट्टी वाकली तर तोच रंग मिळण्याची खात्री नसते आणि एका कंपनीचा वरचा भाग दुसरीच्या खोबणीत सहसा बसत नाही.